७१ शब्दांचं एक वाक्य

आरोग्यविषयक पत्रकं आणि प्रशिक्षणाची पुस्तिका संपादित करणं हे माझं काम. मजकूर डॉक्टरांकडून येतो. तो बिनचूक असतो, पण बहुतेक वेळा शासकीय पत्राच्या चालीत लिहिलेला असतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर लहान मुलांच्या जुलाबांवरचं एक पत्रक माझ्याकडे आलं. आशाताई ते घरोघरी जाऊन आयांना वाचून दाखवणार होत्या. म्हणजे ज्यांच्यासाठी ते लिहिलं होतं, त्यांतल्या बहुतेक जणी ते डोळ्यांनी वाचणार नव्हत्या, कानांनी ऐकणार होत्या. पत्रकाचा गाभा एका वाक्यात होता:

"अतिसार झालेल्या बालकास निर्जलीकरण होऊ नये यासाठी ओआरएसचे एक पाकीट एक लिटर उकळून थंड केलेल्या स्वच्छ पाण्यात पूर्णपणे विरघळवून तयार केलेले द्रावण, जे चोवीस तासांच्या आत वापरावे व त्यानंतर उरल्यास फेकून द्यावे, प्रत्येक पातळ शौचानंतर थोडे थोडे पाजत राहावे आणि उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करावे, तसेच झिंकच्या गोळ्या, दोन ते सहा महिन्यांच्या बालकास अर्धी व सहा महिन्यांवरील बालकास एक याप्रमाणे, जुलाब थांबले तरी चौदा दिवस देण्यात याव्यात."

यात वैद्यकीय चूक एकही नाही. व्याकरणाचीही नाही. डोळ्यांनी वाचताना माणूस मागे जातो, पुढे येतो आणि अर्थ लावून घेतो. ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही.

असा मजकूर आला की मी तो कागदावर छापून घेते आणि दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगते. ज्याने लिहिला त्याला वाचायला देत नाही. त्याला वाक्याचा शेवट आधीच ठाऊक असतो, त्यामुळे तो आवाजाने सगळं सावरून नेतो. वाचणारा नेहमीच्या बोलण्याच्या वेगाने वाचतो आणि मी हातात पेन्सिल घेऊन माझ्या प्रतीवर खुणा करते. तो श्वास घेतो तिथे तिरकी रेघ. तो अडखळून मागचे शब्द पुन्हा घेतो तिथे गोल. ऐकणारं कुणी मध्येच काही विचारतं तिथे प्रश्नचिन्ह. विरामचिन्हांकडे मी त्या वेळी बघतच नाही.

त्या दिवशी वाचायला आमच्या कार्यालयातली एक सहकारी होती. ऐकायला निफाडकडच्या एक आशाताई बसल्या होत्या, प्रशिक्षणासाठी आल्या होत्या म्हणून थांबवून घेतलं होतं. 'द्रावण'पर्यंत सहकारीचा एक श्वास संपला. 'फेकून द्यावे' म्हणताना तिचा आवाज खाली उतरला, वाक्य संपल्यासारखा. पुढे 'प्रत्येक पातळ शौचानंतर' आलं आणि ती थबकली, मागे 'द्रावण'पाशी गेली आणि तिथून पुन्हा सुरू झाली. माझ्या कागदावरचा पहिला गोल तिथे पडला. शेवटच्या 'देण्यात याव्यात'पर्यंत पोचल्यावर आशाताईंनी विचारलं, "मॅडम, १४ दिवस द्यायचं ते पाणी का गोळ्या?"

मग थोडं थांबून त्यांनीच दुसरा प्रश्न केला. "आणि १० मिनिटं थांबायचं ते उलटी थांबेपर्यंत, का आपण पाजायचं थांबायचं?"

पहिला प्रश्न ऐकून मी पेन्सिल खाली ठेवली. आईने ओआरएसचं पाणी १४ दिवस पाजलं आणि झिंक चार दिवसांत बंद केलं, तर पत्रक बरोबर असूनही उपयोग उलटा झाला. झिंकच्या बाबतीत तर ही भीती खरीच आहे. जुलाब दोन-तीन दिवसांत आटोक्यात येतात आणि मग घरात औषध कशाला, असं वाटायला लागतं. १४ दिवस हाच त्या वाक्यातला सगळ्यात अवघड निरोप होता, आणि तो सगळ्यात शेवटी, ऐकणारीचं लक्ष संपल्यावर आला होता.

असं का होतं ते आपल्या भाषेच्या घडणीत आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. तोवर कर्ता, कर्म, वेळ, अट हे सगळं ऐकणाऱ्याला मनात धरून बसावं लागतं. वाक्य छोटं असेल तर हे सहज जमतं. पण पोटात 'जे... वापरावे' असं दुसरं वाक्य घातलं, की पहिलं 'द्रावण' तसंच लोंबकळत राहतं. आणि 'उकळून', 'विरघळवून', 'थांबून' अशी रूपं एकामागून एक आली की ती कृती कुणी करायची हे पुसट होत जातं. 'थांबून'चा कर्ता तोच असायला हवा जो 'सुरू करावे'चा आहे, म्हणजे आई. पण लगेच आधी 'उलटी झाल्यास' आहे, आणि 'करावे'मुळे आई वाक्यात कुठेच दिसत नाही. आशाताईंचा दुसरा प्रश्न तिथूनच आला होता.

सहकारीने उत्साहाने प्रत्येक स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम देऊन पाहिला. "जे चोवीस तासांच्या आत वापरावे." हे वाक्य झालं नाही, तुकडा झाला. पूर्णविराम हवा तिथे द्यायचा तर तुटलेल्या प्रत्येक भागाला स्वतःचा कर्ता किंवा कर्म द्यावं लागतं आणि 'जे'च्या जागी खरं नाम परत आणावं लागतं. म्हणून मी आधी कृती वेगळ्या काढल्या. विरघळवणं, २४ तासांत वापरणं, उरलेलं फेकणं, पाजणं, उलटी झाली तर थांबणं, पुन्हा सुरू करणं, झिंक देणं. मग प्रत्येकीसाठी तोंडाने एक वाक्य म्हटलं आणि जसं म्हटलं तसंच लिहिलं:

"एक लिटर पाणी उकळून थंड करा. त्यात ओआरएसचं एक मोठं पाकीट पूर्ण टाका आणि विरघळेपर्यंत ढवळा. हे पाणी २४ तासांत वापरा. उरलं तर फेकून द्या. मुलाला पातळ शी झाली की दर वेळी हे पाणी थोडं थोडं पाजा. उलटी झाली तर पाजणं १० मिनिटं थांबवा. मग पुन्हा, आधीपेक्षा सावकाश पाजा."

'मोठं' हा शब्द मूळ वाक्यात नव्हता. पहिलं वाक्य तुटून वेगळं झालं तेव्हा आशाताई म्हणाल्या, "आमच्याकडे बारकी पाकिटंही येतात." खरंच आहे. २०० मिलीलिटर पाण्याची छोटी पाकिटंही मिळतात. ते एक लिटरमध्ये टाकलं तर पाणी फार फिकं होतं, आणि मोठं पाकीट ग्लासभर पाण्यात टाकलं तर फार खारट. दुसरी चूक मुलासाठी धोक्याची. लांब वाक्यात 'एक पाकीट' हे शब्द कुणाच्याही कानांत अडकले नव्हते. म्हणून 'पाकिटावर किती पाणी लिहिलं आहे ते आधी बघा' हे वाक्य आम्ही सगळ्यांत वर घेतलं.

डॉक्टरांना नवा मजकूर दाखवला तेव्हा त्यांनी दोन हरकती घेतल्या. दोन्ही रास्त होत्या. झिंकबद्दल माझ्या सहकारीने लिहिलं होतं, "जुलाब थांबतील. गोळी १४ दिवस द्या." डॉक्टर म्हणाले, "यातला 'तरी' कुठे गेला?" पूर्णविराम देताना नेमका तो धागा तुटला होता. जुलाब थांबणं आणि गोळी चालू ठेवणं यांच्यातला विरोध हाच तर निरोप आहे. तो दोन सुट्या वाक्यांत ठेवला की दोन वेगळ्या बातम्या होतात. असं वाक्य तोडायचं नसतं. फक्त आजूबाजूचं ओझं काढायचं असतं. शेवटी झालं ते असं:

"झिंकची गोळी रोज एकदा द्या. मूल सहा महिन्यांपेक्षा मोठं असेल तर एक गोळी. दोन ते सहा महिन्यांचं असेल तर अर्धी, आईच्या दुधात विरघळवून. जुलाब थांबले तरी गोळी बंद करू नका. १४ दिवस पूर्ण करा."

दुसरी हरकत उलट्या बाजूची होती. एका कच्च्या प्रतीत "पाकीट घ्या. फोडा. पाण्यात टाका. ढवळा." असं होतं. मोठ्याने वाचल्यावर ते कवायतीच्या हुकमांसारखं ऐकू आलं. सगळीच वाक्यं सारख्या लांबीची असली की कुठलं महत्त्वाचं ते आवाजावरून कळत नाही. म्हणून 'टाका आणि ढवळा' परत एकत्र केलं, कारण हाताने ते एकाच दमात होतं. 'उरलं तर फेकून द्या' मात्र एकटं ठेवलं.

धोक्याच्या लक्षणांचा परिच्छेद वेगळ्याच कारणाने अडला. तो असा होता: "बालक सुस्त अथवा बेशुद्ध असल्यास, डोळे खोल गेलेले आढळल्यास, पाणी पिता येत नसल्यास अथवा शौचात रक्त आढळल्यास तात्काळ आरोग्य केंद्रात न्यावे." हे वाक्य फार लांब नाही. सहकारीने ते एका श्वासात वाचलंही. पण आशाताईंना विचारलं तेव्हा त्यांना वाटलं होतं की ही सगळी लक्षणं दिसली तर न्यायचं. चार वेळा 'असल्यास, आढळल्यास' ऐकताना 'अथवा' विरून गेला होता, आणि काय करायचं ते शेवटच्या शब्दापर्यंत कळत नव्हतं. इथे तोडण्यापेक्षा उलटवणं कामी आलं: "पुढचं एक जरी लक्षण दिसलं तरी मुलाला लगेच दवाखान्यात न्या. मूल सुस्त किंवा बेशुद्ध पडलंय. त्याचे डोळे खोल गेलेत. त्याला पिता येत नाही. शीमध्ये रक्त आहे." क्रियापद आधी आलं, त्यामुळे पुढची लक्षणं ऐकताना बाईला ठाऊक असतं की हे कशासाठी ऐकायचं.

मजकूर पक्का करण्याआधी आम्ही तो आशाताईंना एकदाच वाचून दाखवला आणि कागद बाजूला ठेवून म्हटलं, आता तुम्ही शेजारणीला सांगता तसं आम्हाला सांगा. पाणी, पाकीट, पाजणं, उलटी झाली तर १० मिनिटं थांबणं, हे त्यांनी न अडखळता सांगितलं. गोळीबद्दल सांगताना "जुलाब थांबले तरी" हे शब्द त्यांच्या तोंडून जसेच्या तसे आले. एक गोष्ट राहिली: उरलेलं पाणी फेकणं. मी परत मजकूर पाहिला. ते वाक्य पाणी बनवण्याच्या आणि पाजण्याच्या मधोमध बसलं होतं, आणि आईच्या दिवसात ती वेळ तिथे येतच नाही. ती येते दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणून ते तिथून काढलं आणि पाजण्याच्या सगळ्या सूचना संपल्यावर लिहिलं: "दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं पाणी फेकून द्या आणि नवीन बनवा." डॉक्टरांनी २४ तास हे शब्दही राहू द्यायला सांगितले, ते वर तसेच ठेवले. पुन्हा वाचल्यावर आशाताईंनी हेही सांगितलं, आणि पत्रक छपाईला गेलं.