१.३ क्रिएटिनिन आणि ४० मिलिग्रॅमची सुई

गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या जिल्ह्याच्या गावातील एका रुग्णालयातून मला बोलावणे आले. ७४ वर्षांच्या आजी, वजन ४८ किलो. पोटरी सुजली होती, म्हणून पायात रक्ताची गुठळी झाली असावी, अशी शंका अस्थिरोगतज्ज्ञांना होती. मात्र मी पलंगाजवळ पोहोचलो तेव्हा पोटरीआधी नजर गेली ती ड्रेसिंगकडे. रात्री बदललेली पट्टी खालच्या कडेपर्यंत लाल झाली होती आणि मांडीच्या आतल्या बाजूला जांभळा डाग पसरत चालला होता. शस्त्रक्रियेपूर्वी ११.४ असलेले हिमोग्लोबिन ८.२ वर आले होते.

अशा वेळी गुठळी आणि रक्तस्राव या दोन विरुद्ध गोष्टी एकाच सुजलेल्या पायात शोधाव्या लागतात. गुठळीचा इशारा देणारा रक्तातला डी-डायमर शस्त्रक्रियेनंतर वाढलेलाच असतो, त्यामुळे ती तपासणी न करता सरळ डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी केली. प्रोब दाबताच मांडीतील आणि गुडघ्यामागील शीर पूर्ण मिटत होती. गुठळी असलेली शीर अशी मिटत नाही. म्हणजे सूज होती ती सांध्याभोवती साचलेल्या रक्ताची आणि शस्त्रक्रियेची.

मग औषधांचा तक्ता पाहिला. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे गुठळी रोखणारे एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम, रोज एक सुई, आतापर्यंत दोन झालेल्या. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.३, समोर लाल खूण नाही. हा आकडा धडधाकट माणसाच्या बाबतीत फारसा चिंतेचा नाही, पण मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता वय आणि वजन धरून काढावी लागते. १४० मधून ७४ वजा करून ४८ ने गुणले, त्याला ७२ गुणिले १.३ ने भागले आणि स्त्री असल्याने ०.८५ ने गुणले, तर उत्तर येते मिनिटाला सुमारे २९ मिलिलिटर. एनॉक्सापॅरिन मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडते. क्षमता ३० च्या खाली गेली की मात्रा कमी करावी लागते. तरीही दोनच सुयांनी एवढे झाले असते, असे मला वाटत नाही. तक्त्याच्या तळाशी वेदनेसाठी दिवसातून तीनदा केटोरोलॅक लिहिलेले होते. ते प्लेटलेट्सचे काम मंदावते आणि आधीच थकलेल्या मूत्रपिंडावर आणखी ताण आणते. माझ्या मते खरा हात या जोडीचा होता.

केटोरोलॅक बंद करून पॅरासिटामॉल ठेवले. त्या रात्रीची सुई रोखली, पोटऱ्यांना हवेच्या पंपाचे पट्टे लावले आणि गुडघ्यावर दाबपट्टी बांधली. गुठळी रोखण्याचे औषध सोडूनच द्यावे, हा सूर निघाला, तो मला पटला नाही. पण जखम पाझरत राहिली तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, हेही खरे. पाझर थांबून हिमोग्लोबिन दुसऱ्यांदा ८ च्या वर स्थिर दिसल्यावर तिसऱ्या दिवशी २० मिलिग्रॅमची सुई सुरू केली. गुठळी रोखणाऱ्या गोळ्यांपैकी डॅबिगॅट्रान मूत्रपिंडाच्या या क्षमतेला वर्ज्यच, आणि रिव्हरोक्साबॅनचा अनुभव अशा रुग्णांत तोकडा.

सुईऐवजी सरळ अ‍ॅस्पिरिन का नाही, असे अस्थिरोगतज्ज्ञांनी विचारले. ऑस्ट्रेलियातील २०२२ च्या क्रिस्टल अभ्यासात सुरुवातीपासूनच फक्त अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत लक्षणे दाखवणाऱ्या गुठळ्या ३.४५ टक्के, तर एनॉक्सापॅरिन घेणाऱ्यांत १.८२ टक्के आढळल्या. त्यांतील बऱ्याच पोटरीतल्या असल्या, तरी फरक होता. उलट कॅनडातील २०१८ च्या अभ्यासात पहिले पाच दिवस रिव्हरोक्साबॅन देऊन नंतर अ‍ॅस्पिरिनवर आणले, तेव्हा गुठळ्यांचे प्रमाण रिव्हरोक्साबॅन चालू ठेवण्याइतकेच राहिले. आमच्याकडे रिव्हरोक्साबॅनऐवजी एनॉक्सापॅरिन होते, त्यामुळे तो पुरावा जसाच्या तसा लागू होत नाही, हे मी त्यांना सांगितले. तरी दिशा तीच घेतली: काही दिवस कमी मात्रेची सुई आणि मग ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, शस्त्रक्रियेपासून एकूण १४ दिवसांपर्यंत.

घरी सोडताना मुलाने अडवले. “डॉक्टर, आमच्या आत्याचा खुबा बदलला, तेव्हा पाच आठवडे गोळ्या दिल्या. आईला दोनच आठवडे कसे?” प्रश्न रास्त होता. खुब्याच्या शस्त्रक्रियेत मांडीची मोठी शीर पिळवटते आणि गुठळीचा धोका बराच काळ टिकतो. कॅलिफोर्नियातील १९९८ च्या एका मोठ्या पाहणीत गुठळीचे निदान गुडघ्यानंतर साधारण ७ व्या, तर खुब्यानंतर १७ व्या दिवशी झाले होते, म्हणजे बहुधा रुग्ण घरी गेल्यावरच. त्यामुळे खुब्याला ३५ दिवसांपर्यंत औषध दिले जाते आणि गुडघ्याला साधारण १४.

चिठ्ठीवर अ‍ॅस्पिरिन बंद करण्याची तारीख लिहिली, आणि दुखले म्हणून मेडिकलमधून केटोरोलॅकच्याच जातीचे डायक्लोफेनॅक आणायचे नाही, हे त्याखाली ठळक अक्षरांत लिहिले. धाप लागली, छातीत दुखले, पोटरीची सूज अचानक वाढली किंवा शौच काळी झाली, तर तारखेची वाट न पाहता यायचे, हे मुलाकडून एकदा म्हणवून घेतले.