चौदाव्या दिवसापासून

घरातलं माणूस गेलं की पहिले तेरा दिवस सल्ला द्यायला फारशी जागाच नसते, कारण सगळं ठरलेलं असतं. दहा दिवस सुतक, दहाव्याला पिंड आणि कावळ्याची वाट बघणं, मग अकरावा, बारावा, तेराव्याला गोडाचं जेवण. गुरुजी यादी देतात, आपण दर्भ, काळे तीळ, पत्रावळी असं आणत बसतो. खरा प्रॉब्लेम चौदाव्या दिवशी चालू होतो. पुढच्या वर्षभरात मासिक श्राद्धं आणि शेवटी वर्षश्राद्ध सोडलं तर छापील असं काही नाही, आणि जिथे छापील काही नाही तिथे नातेवाईक आहेत.

माझे बाबा आषाढात गेले. मी लग्न झालेली मुलगी, म्हणजे रिवाजाप्रमाणे मला सुतक तीनच दिवस. सासरकडच्या एका काकूंनी चौथ्या दिवशी फोन करून सांगितलं, "तुझं फिटलं हो सुतक, आता देवाला दिवा लावायला हरकत नाही." आणि त्याच संध्याकाळी आत्या, "एकुलती एक पोर आणि तीन दिवसात मोकळी कशी काय होतेस गं?" दोघींनाही मी "हो" म्हटलं. तेव्हा भांडायची ताकद नव्हती आणि खरं सांगायचं तर देवाला दिवा लावायची पण नव्हती.

नंतर लक्षात आलं की या सगळ्यांना एकच उत्तर देऊन चालत नाही, सल्ला कोण देतंय ते बघावं लागतं. सगळ्यात जास्त लोकांना नुसतं "बघते" पुरतं. म्हणजे बाबांचा फोटो डीपीवर ठेवला म्हणून "किती दिवस असं, त्यातून बाहेर ये आता" म्हणणारा मामेभाऊ, किंवा "रडू नकोस, गेलेल्या जीवाला त्रास होतो" म्हणणाऱ्या शेजारच्या आजी. (आजींचं अगदीच हवेतलं नाही बरं का, याज्ञवल्क्य स्मृतीत खरंच लिहिलंय की नातलगांनी गाळलेले अश्रू प्रेताला खावे लागतात म्हणून रडू नये, आपापल्या शक्तीप्रमाणे क्रिया कराव्यात. म्हणजे शोक दिसला पाहिजे म्हणणारे आणि दिसता कामा नये म्हणणारे, दोघंही शास्त्राचंच नाव घेणार.) अशांशी वाद घालायचा नाही, "बघते आजी, चहा टाकू का?" की विषय संपतो, त्यांना पण बोलल्याचं समाधान मिळतं.

"गुरुजींनी सांगितलंय" हे उत्तर मात्र जपून वापरा. वाटतं की आता कोण काय बोलणार, पण लगेच "कोणते गुरुजी? आमचे तर वेगळंच सांगतात" असं सुरू होतं आणि तुम्ही दोन गुरुजींच्या मधे अडकता. "आईला विचारते" तर नकोच, कारण मग तोच फोन दहा मिनिटांनी आईला जातो.

आत्याचं प्रकरण वेगळं. दिवाळीत आमच्याकडे पहिल्या वर्षी तळण करत नाहीत, कढई चढत नाही, फराळ इतरांनी आणून द्यायचा. तो आला, आईच्या टेबलावर इतका चिवडा जमला की डबे पुरेनात, त्याबद्दल कोणाचंच काही म्हणणं नव्हतं. पण माझ्या मुलाला कंदील करायचा होता, मागच्या वर्षी आजोबांबरोबर केला तसाच, विकतचा नको. व्हिडिओ कॉलवर आत्याला मागे पसरलेला जिलेटीनचा कागद दिसला आणि ती एकदम, "अगं कंदील? दादाला जाऊन चार महिने नाही झाले, काय सण साजरे करताय!"

इथे "बघते" म्हणता आलं असतं. पण आत्याचा आवाज बघून वाटलं की हिला लोकांची पर्वा नाहीये, हिचा भाऊ गेलाय आणि तेरा दिवस सगळे आईला आणि मला भेटायला येत होते, हिच्याजवळ कोण बसलं? म्हणून मी तिला विचारलं की आत्या, तुमच्या लहानपणी पण बाबाच करायचे का गं कंदील? मग ती जी सुरू झाली... बांबू आणून काड्या तासायच्या, त्या दोऱ्याने बांधायच्या, आजी मैद्याची खळ शिजवून द्यायची आणि बाबा अर्धी खळ हाताला फासून घ्यायचे, खालच्या झिरमिळ्या कापायचं काम आत्याचं आणि त्या वाकड्या झाल्या की बाबा तिला परत कापायला लावायचे. रडली, हसली, परत रडली. शेवटी म्हणाली, "लावा, पण आतल्या गॅलरीत लावा, रस्त्यावरून दिसेल असा नको." मी बरं म्हटलं. आतल्या गॅलरीत लावला, मुलाला काही फरक पडला नाही.

पण हे गोड बोलणं सगळीकडे चालत नाही, आणि ते कुठे चालत नाही तेही सांगते. विषय आईवर गेला की. टिकली, बांगड्या, साडीचा रंग. एक लांबची मावशी आईसमोरच म्हणाली, "वर्षभर तरी फिकं नेसावं, जोडवी पण काढली नाहीत अजून?" इथे "बघते" म्हटलं की त्याचा अर्थ होकार होतो आणि पुढच्या वेळी कोणीतरी फिकी साडीच घेऊन येतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 च्या मे महिन्यात कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे सगळं बंद करायचा ठराव केला, नंतर सरकारने बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं, पण ठराव काय सोफ्यावर बसलेल्या मावशीला वाचून दाखवणार? मी एवढंच म्हटलं, "मावशी, आईचं आई ठरवेल, आणि याबद्दल काही वाटलं तर तिच्याशी नको, माझ्याशी बोला." आवाज चढवला नाही, पण पुढे "तरी बघू" वगैरे शेपूटही लावलं नाही. ती म्हणाली, "मला काय, लोक बोलतात म्हणून." त्यावर माझं ठरलेलं उत्तर आहे, हसत द्यायचं, "कोण बोलतंय सांगा ना, मी फोन करते त्यांना." आजपर्यंत एकही नाव आलेलं नाही.

आणि आता गंमत ऐका. ज्या काकांनी गणपतीत मला सुनावलं होतं की वर्षभर दुखवटा पाळा, मोदक कसले करताय, त्यांच्याच मुलाचं लग्न माघात ठरलंय. कारण घरात कोणी गेलं तर लग्न वर्षाच्या आत उरकावं नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं, असंही आपल्याकडे आहेच. मुलगी चांगली मिळालीये, तीन वर्षं कोण थांबणार, सगळं खरं आहे आणि मी मनापासून खूश आहे, त्या भावाला बाबांनी सायकल शिकवली होती. काकांना मी काहीही बोलले नाही, बोलायचा मोह खूप झाला तरी.

काल आत्याचा फोन. "लग्नाला आईला चांगली भरजरी नेसव हं, नाहीतर तिकडची माणसं म्हणतील हे लोक अजून दुःखातच आहेत." मी म्हटलं बघते. आईने निळ्या पैठणीवरचं ब्लाऊज मागच्याच आठवड्यात शिवायला टाकलंय, ते आत्याला सांगायला मी गेले नाही.