चॉकलेट केकचे दर वाढवताना

12 जानेवारी 2025

आज सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना भाववाढ कळवायची आहे. नुसता नवा दर पाठवणं जिवावर येतं. वर्षानुवर्षं घरातले वाढदिवस माझ्यावर सोपवणाऱ्या माणसांना हिशोबही कळला पाहिजे, म्हणून इथे सविस्तर लिहिते आणि हेच त्यांना पाठवते.

वाढ फक्त चॉकलेटच्या पदार्थांवर आहे, आणि तिचं मूळ कोकोत आहे. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोनच देशांत पिकतो. तिथे आधी अतिपाऊस, मग कोरडं हवामान, शिवाय झाडाच्या फांद्या सुजवून झाड मारणारा एक विषाणू, अशी संकटं एकापाठोपाठ आली. रोगट झाड काढून नवं लावलं तरी फळ धरायला त्याला तीन ते पाच वर्षं लागतात, त्यामुळे तूट लगेच भरून निघत नाही. वायदेबाजारात बरीच वर्षं टनाला दोन-तीन हजार डॉलरच्या आसपास असलेला कोको 2024 मध्ये दहा हजारांच्या वर गेला आणि डिसेंबरात त्याने बारा हजारही ओलांडले. त्याची झळ चॉकलेटच्या पाकिटापर्यंत जरा उशिराने येते, कारण कारखाने माल आगाऊ भावाने धरून ठेवतात. माझ्यापर्यंत ती आता पुरती पोचली आहे.

एक किलोच्या चॉकलेट केकचंच उदाहरण घेते. गनाशला सव्वादोनशे ग्रॅम डार्क चॉकलेट आणि तेवढंच क्रीम जातं, स्पंजमध्ये कोको पावडर वेगळी. साहित्य, वीज आणि डबा मिळून पूर्वी होणारा खर्च शंभर धरला, तर त्यातले चाळीस चॉकलेट आणि कोकोचे होते. आज त्या चाळिसाचे ऐंशी झाले आहेत. म्हणजे तोच केक आता एकशेचाळिसात पडतो. याच मापात मी तो दोनशेला विकत होते. उरलेल्या शंभरात माझी मेहनत, ओव्हनची दुरुस्ती, फसलेला एखादा स्पंज, सगळं भागायचं. आता तिथे साठच उरतात. गेले काही महिने हा फरक मी पदरमोड करून सोसला, पण भाव उतरायची चिन्हं नाहीत.

खर्चाच्या दुप्पट किंमत लावायचा माझा जुनाच हिशोब धरला असता, तर हा केक दोनशेऐंशीला गेला असता. ते मला पटलं नाही. केक करायला मला पूर्वीइतकेच तास लागतात, महागलंय ते चॉकलेट. म्हणून जेवढा खर्च वाढला तेवढाच, म्हणजे चाळीसच, वर चढवते आहे. नवा दर दोनशेचाळीस, शेकडा वीस वाढ. चॉकलेट चिप कुकीजमध्ये चॉकलेटचा वाटा बराच कमी, म्हणून तिथे शेकडा पाच. व्हॅनिला, लिंबू आणि सुक्या मेव्याचे केक आहेत त्याच दरात.

दर न वाढवता भागवायचे दोन रस्ते होते. एक म्हणजे वजनात काटा मारायचा. ते मी करणार नाही. दुसरा म्हणजे कंपाउंड चॉकलेट. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं, म्हणून ते बरंच स्वस्त पडतं. मी त्याचं गनाश करून पाहिलं. दिसायला उत्तम, चमकही चांगली. पण कोको बटर साधारण चौतीस अंशांना, म्हणजे तोंडाच्या उबेनेच वितळतं आणि चव लगेच जिभेवर पसरते. कंपाउंडचा घास रेंगाळला, टाळूला मेणासारखा थर चिकटला आणि आधी गोडी लागली, कोको मागाहून. लहान मुलांना कदाचित कळलंही नसतं. पण जी माणसं माझ्याकडे चॉकलेट केकच मागतात, त्यांना पहिल्या घासात कळलं असतं, आणि बऱ्याच जणांनी संकोचापोटी मला सांगितलंही नसतं. म्हणून चॉकलेट तेच राहील. कंपाउंड फक्त वरच्या नक्षीला वापरते, तेही आधीपासून, कारण ते टेम्परिंग, म्हणजे ठरावीक तापमानाला वितळवून निववणं, न करताही घट्ट बसतं.

ज्यांना वाढ जड जाईल त्यांच्यासाठी एक सोय केली आहे. आतल्या थरांत गनाशऐवजी व्हॅनिला क्रीम आणि वरून तेवढं गनाश, असा केक मागता येईल. त्यात चॉकलेट जवळजवळ निम्मं लागतं, म्हणून तो जुन्याच दरात बसतो. चव सौम्य असते, हे आधीच सांगते. गडद चॉकलेट आवडणाऱ्यांनी तो घेऊ नये.

नवा दर 1 फेब्रुवारीपासून. आजवर घेतलेल्या ऑर्डरी, मग केक मार्चमध्ये न्यायचा असला तरी, जुन्याच दराने होतील. चॉकलेटचं पाकीट स्वस्त झालं तर हाच हिशोब पुन्हा मांडून दर खाली आणीन. तेव्हाही आकडे असेच कळवीन.