पूर्वेची खिडकी, तीन वेळा

पूर्वेकडे तोंड असलेल्या हॉलमध्ये संध्याकाळी सोनेरी ऊन येत नाही. सांगायची गरज पडू नये इतकी साधी गोष्ट. तरी घरमालकाला दाखवायच्या रेंडरमध्ये, म्हणजे संगणकावर काढलेल्या हुबेहूब चित्रात, सर्रास असं दिसतं की सकाळचाच सूर्य नारिंगी केला, जरा खाली ओढला आणि चित्राला नाव दिलं ‘संध्याकाळ’. चित्र छान दिसतं. घरमालक खूश होतो आणि राहायला आल्यावर ते ऊन शोधत बसतो.

पुण्यातला १२ बाय १६ फुटांचा हॉल घेऊ. १२ फुटांच्या भिंतीला गॅलरीचं दार, पूर्वेला. दाराची उंची ७ फूट, वरच्या मजल्याची गॅलरी ४ फूट पुढे आलेली. स्केचअप या प्रोग्रॅममध्ये घराचं मॉडेल, त्याला जोडलेल्या व्ही-रेमध्ये तीन रेंडर: सकाळ, संध्याकाळ, रात्र. पहिलं काम म्हणजे मॉडेलला पुणं सांगणं. ते राहून गेलं की स्केचअप मूळ सेटिंगप्रमाणे अमेरिकेतल्या बोल्डरमध्येच बसून राहतं. मग २१ मार्चच्या दुपारी पुण्यात ७१ अंशांवर असणारा सूर्य ५० अंशांवर दिसतो आणि सावल्या नाहक लांबतात. उत्तर दिशा फिरवायची राहिली तर पुढचं सगळंच वाया.

२१ मार्चला सकाळी ८ वाजता सूर्य साधारण १८ अंशांवर असतो. समोर इमारत नसेल तर दारातून आलेलं ऊन पूर्ण १६ फूट फरशी ओलांडतं आणि मागच्या भिंतीवर दीड फूट चढतं. दहा वाजता वरच्या गॅलरीचा स्लॅब आडवा येतो आणि तेच ऊन साडेचार फुटांवर थांबतं. ‘सकाळ’ म्हणून कुठली वेळ दाखवायची ते घरमालकाला विचारून ठरवावं, कारण कवडसा हीच त्या चित्राची खरी वस्तू आहे. सोफ्याच्या पाठीवर आठचं ऊन पडणार असेल तर कापडाचा रंग उडणार, हेही तिथेच कळतं.

संध्याकाळ अवघड. सूर्य घराच्या मागे गेलेला, दारातून फक्त आकाशाचा निळसर उजेड. मार्चमध्ये पुण्यात सूर्यास्त पावणेसातच्या आसपास होतो आणि सातच्या सुमारास एक छोटा टप्पा येतो, जेव्हा बाहेरचा निळा आणि आतला पिवळा उजेड एकमेकांना तोलून धरतात. हीच दिवेलागण. आपल्याकडे संधिप्रकाश झपाट्याने सरतो, त्यामुळे हा तोल जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचा. या चित्रात छतातले दिवे बंद ठेवावेत, फक्त कोपऱ्यातला ५ वॅटचा उभा दिवा लावावा, साधारण ४५० लुमेन, ३००० केल्विन. सोनेरी ऊन न दाखवताही संध्याकाळ उतरते.

पण इथेच व्ही-रेमधला कॅमेरा घात करतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठला उजेड पांढरा धरायचा ते सेटिंग, आपोआपवर असेल तर तो पिवळा उजेड पांढरा करून टाकतो, आणि तिन्ही चित्रांत भिंत सारखीच दिसते. व्हाइट बॅलन्स तिन्ही वेळांना एकच, ५००० केल्विनच्या आसपास बांधून ठेवावा. ६५०० वर बांधला तर वॉर्म दिवे झेंडूसारखे भडक दिसतात. डोळा प्रत्यक्षात इतकं केशरी बघत नाही, तो थोडा जुळवून घेतो. एक्स्पोजरचंही तसंच, म्हणजे कॅमेरा किती उजेड आत घेतो त्याचं. ते स्टॉपमध्ये मोजतात, एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. सकाळ आणि रात्र यांत अडीच स्टॉपचा फरक निघाला तर रात्री दीड स्टॉप उघडावं, एक स्टॉप अंधार राहू द्यावा. पूर्ण भरपाई केली की रात्र म्हणजे पडदे ओढलेली दुपार.

रात्रीसाठी छतातले ९ वॅटचे सहा दिवे. प्रत्येकी ८०० लुमेन धरले तर भिंती-छतात मुरलेला उजेड वजा जाता फरशीवर दीडशे लक्सच्या आसपास मिळतात. आकडा खोक्यावरचा, लुमेनमध्येच भरावा. नजरेच्या अंदाजाने दिवा ‘जरा वाढवला’ की चित्रातला हॉल बाजारात न मिळणाऱ्या दिव्यांनी उजळतो. दाराची काच मात्र काळी करून सोडू नये. रात्री ती आरसा होते, सहाही दिवे तिच्यात दिसतात. पडदा लावायचा की नाही हा प्रश्न घरमालक तिथेच विचारतो.

छतातले दिवे, छताच्या कडेच्या कोव्हमधली एलईडी पट्टी आणि उभा दिवा यांचे वेगळे गट करून व्ही-रेचं लाइट मिक्स लावलं की एकाच रेंडरमध्ये त्यांना कमी-जास्त करून दाखवता येतं. सूर्याचं तसं नाही. त्याचा रंग आणि जोर बदलतो, पण सावली सरकत नाही. वेळ बदलली की नवं रेंडर. आणि स्वस्त एलईडीखाली लाकडाचा तांबूसपणा कसा मरतो ते या चित्रांत दिसणारच नाही, त्यासाठी प्लायवुडचा तुकडा आणि खरा दिवाच हवा.

चित्रं पाठवताना तिन्ही एकाच पानावर शेजारी-शेजारी ठेवावीत, आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून. रात्री साडेदहाला ‘सकाळ फार पिवळी वाटते’ असा निरोप आला तर फाइल उघडण्याआधी समोरच्याला फोनमधला डोळे जपणारा पिवळा फिल्टर बंद करायला सांगावं.