आमची वाटचाल : आगळ, आमसूल आणि आईची ओळख

आमसुलाचा धंदा वजनावर चालतो, आणि आमची सगळी रड तिथूनच सुरू झाली. रातांबा म्हणजे कोकमाचं फळ. तो फोडला की निम्मं वजन सालीचं. दहा किलो रातांब्यांची पाच किलो ओली साल, आणि ती मीठ-रसाची पुटं देत वाळवली की हातात उरतं किलोभराच्या आसपास आमसूल. साल नीट वाळवावी तितका काटा खाली येतो. उलट रसात मीठ वाढवलं आणि शेवटचं ऊन द्यायचं टाळलं की तोच माल वजनाला भरतो. मीठ स्वस्त, आमसूल महाग. ज्यांना हे कळलं त्यांनी मीठच विकलं.

आमच्या आईने कधी तसं केलं नाही. वेंगुर्ल्याच्या बाजूला आमची रातांब्याची झाडं, आणि वाळवणाचं सगळं गणित तिच्या बोटांत. गर आणि बिया वेगळ्या काढून सुटलेल्या रसात ती दहा टक्के मीठ घालते. त्या रसात साल बुडवायची, निथळायची, उन्हात टाकायची, संध्याकाळी परत रसात. मे महिन्याच्या कडक उन्हात हे आठवडाभर चालतं. आमसूल झालं की नाही हे ती घडी घालून बघते. साल वाकली पाहिजे, तडकता कामा नये, आणि सोडल्यावर बोटाला ओल लागता कामा नये. ओल लागली की अजून एक ऊन. कमी मिठाच्या मालाला ही कसोटी सोडून चालत नाही, कारण मीठ कमी म्हणजे बुरशीला दार उघडं. कमी मीठ हवं असेल तर जास्त वाळवावं लागतं, आणि जास्त वाळवलं की वजन जातं.

आमचा माल घेणारा व्यापारी हे सगळं जाणून होता. तरी दर वर्षी एकच वाक्य, तुमच्या मालाला वजन नाही. शेजारच्या गावातला दुसरा एक उत्पादक आमच्याच दराने ओला, मिठाळ माल घालायचा. त्याच्या गोणीत हात घातला तर तळव्याला मिठाचे खडे चिकटायचे. बाजारात त्याचं आमसूल आमच्याहून लालभडक दिसायचं. तो रंग रातांब्याचा नव्हता. एका वर्षी ऐन मेअखेरीला व्यापाऱ्याने त्याचा माल उचलला आणि आमच्या गोण्या दाराशी ठेवून गाडी परत नेली. वर पाऊस आठ दिवसांवर. कोकणातल्या जून महिन्यात गोणीतलं आमसूल म्हणजे काय हे ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. हवेतली ओल मीठ ओढून घेतं, तळाला पाणी सुटतं, वरचा थर काळा पडतो. मजुरी देऊन झालेली, पैसा एक नाही, आणि घरात वर्षाची कमाई कुजायला ठेवलेली. तो माल वाचला तो आईने रातोरात चिनी मातीच्या बरण्या आणि काचेच्या हंड्या जमवल्या म्हणून. डब्यांना तिने हात लावू दिला नाही. आंबट आणि खारट एकत्र आलं की पत्रा गंजतो आणि आमसुलाला धातूचा वास धरतो. ही गोष्ट या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी लिहून ठेवावी.

त्या वर्षी आम्हाला उभं ठेवलं ते मालवणातल्या एका खानावळवाल्या काकींनी. त्या आमच्याकडून आगळ, म्हणजे रातांब्याचा मीठ घातलेला रस, न्यायच्या आणि आजही नेतात. पहिल्या बाटलीच्या वेळी त्यांनी दर विचारला नाही. "मीठ किती घातलंस ता आधी सांग," एवढंच विचारलं. आई म्हणाली, लिटर रसाला पावणेदोनशे ग्रॅम. काकींनी मान हलवली आणि सहा बाटल्या बाजूला काढायला लावल्या.

त्यांना तो आकडा का हवा होता हे समजून घेण्यासारखं आहे. अर्धा लिटर नारळाच्या रसाची सोलकढी करायची तर आमचं आगळ दोन मोठे चमचे, म्हणजे तीस मिलिलिटर लागतं. त्यात मीठ जातं साधारण पाच ग्रॅम. तेवढं सोलकढीला पुरतं, वरून चिमूटही घालायची नाही. हेच आगळ लिटरला पाव किलो मीठ घालून केलेलं असेल तर त्याच दोन चमच्यांतून साडेसात ग्रॅम मीठ जातं आणि कढी खारट होते. मग स्वैपाकीण आगळ कमी घालते, मीठ बरोबर होतं पण आंबटपणा आणि रंग कमी पडतो. पानावर फिकट, पाणचट कढी येते आणि गिऱ्हाईक नावं ठेवतं खानावळीला. आगळवाल्याला कोणी विचारत नाही.

पुढची बरीच वर्षं बाटल्या भरण्यात गेली. नंतर तालुक्याला बचत गटांच्या प्रदर्शनात स्टॉल मिळाला आणि पहिल्यांदा आईला अनोळखी माणसांसमोर स्वतःची ओळख करून द्यायची होती.

गटाच्या ताईंनी सगळ्यांना एकच मसुदा दिला होता. नमस्कार, माझं नाव अमुक, गाव अमुक, आमच्याकडे घरगुती, शुद्ध, नैसर्गिक कोकम उत्पादनं वाजवी दरात मिळतील. आईने तो दोनदा वाचला आणि कागद बाजूला ठेवला. "माका ह्या पाठ करूक जमाचा नाय. माका जा म्हायत आसा ता मी सांगतंय." ती बरोबर होती. शेजारच्या प्रत्येक टेबलावर तेच तीन शब्द असणार होते. ते ऐकून गिऱ्हाईक थांबत नाही, कारण ते शब्द खरे की खोटे हे तपासायची सोय त्याच्याकडे नसते.

तेव्हा तयारी उलट्या टोकाने सुरू झाली. आधी दाखवायचं काय ते ठरवलं, मग बोलायचं काय ते. टेबल सहा फुटी. आईच्या मनात आमसूल, आगळ, अमृत कोकम, बियांच्या तेलाचं मुठेल, बियांचं पोतं, सगळंच मांडायचं होतं. शेवटी पुढे राहिल्या दोनच गोष्टी, आगळाची बाटली आणि आमसुलाची काचेची बरणी. बाकी माल मागच्या खोक्यात, विचारलं तर काढायचा.

चवीला सोलकढी हवीच. पण उत्साहाने सकाळीच पातेलंभर कढी कालवून ठेवणाऱ्यांचं दुपारी काय होतं ते कुठल्याही प्रदर्शनात दिसतं. मांडवाच्या उकाड्यात नारळाचा रस तीन-चार तासांत आंबायला लागतो, वर साय धरतो, खाली पाणी राहतं. म्हणून नारळाचा रस बर्फाच्या पेटीत वेगळा, आगळ वेगळं, आणि अर्धा अर्धा लिटरच कालवायचं. साठ मिलिलिटरच्या कागदी कपाने त्यात आठ जणांचं भागतं. लसूण-मिरची ठेचून एका वाटीत बाजूला, कारण लहान मुलांना ती नको असते.

खरी गोष्ट होती ती रंगाची. रातांब्याचा लाल रंग आंबटपणावर टिकून असतो. आंबटपणा मारला की तो बदलतो. बाजारातले लाल खाण्याचे रंग तसे बदलत नाहीत. आईला हे तिच्या पद्धतीने माहीत होतंच, सोड्याने घासलेल्या भांड्यात आगळ सांडलं की डाग निळसर होतो. तेच टेबलावर आणायचं ठरलं. काचेच्या ग्लासात शंभर मिलिलिटर पाणी, त्यात आगळ फक्त अर्धा छोटा चमचा, आणि वर खायच्या सोड्याची चिमूट. पाणी थोडं फसफसतं, मग लालाचं जांभळं आणि पुढे निळसर-काळपट होतं.

हे घरी करून बघताना दोन गोष्टी ध्यानात आल्या. आगळ जास्त झालं तर सोडा नुसता फेस करून संपतो, पाणी लालच राहतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की माल खोटा. म्हणून अर्ध्याच चमच्यावर थांबायचं, आणि तरी लाल राहिलं तर अजून एक चिमूट टाकायची. दुसरं, जुन्या, काळ्या पडलेल्या आमसुलाचं पाणी करून हा प्रयोग केला तर बदल धड दिसत नाही, कारण मूळ रंगच उतरलेला असतो. तेव्हा तो आगळावर किंवा त्याच वर्षीच्या आमसुलावर करावा. आणि जो रंग मिसळतो तो थोडं खरं कोकमही वापरतच असतो, त्यामुळे अर्धवट बदल दिसला तर भेसळ आहे की नाही हे या ग्लासावरून ठामपणे सांगता येत नाही. ग्लास अजिबात बदलला नाही तरच बोलावं. आईने हेही बोलण्यात ठेवायचं ठरवलं. दुसऱ्याच्या मालाचं नाव घ्यायचं नाही, गिऱ्हाइकाने बाटली आणली तर त्याच्याच हातून सोडा टाकून घ्यायचा. सोड्याचा ग्लास मात्र चवीच्या कपांपासून लांब, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, नाहीतर कोणीतरी उचलून पितं.

मग ओळख आपोआप तयार झाली. ताईंच्या मसुद्यात नाव पहिलं होतं. आईने ते मधे घेतलं. पहिलं वाक्य कप पुढे करताना: "घ्या, चव बघा. ह्यात वरून मीठ घातलेलं नाही." माणूस घोट घेतो तेवढ्यात दुसरं: "आगळात लिटरला पावणेदोनशे ग्रॅम मीठ आहे, दोन चमच्यांत अर्धा लिटर कढी होते." मग नाव आणि गाव, आणि "आमसूल मी स्वतः वाळवते, घडी घालून बघा, हाताला ओल लागणार नाही." चौथं वाक्य फक्त थांबलेल्या माणसाला: "रंग बघायचाय?" सगळं मिळून अर्ध्या मिनिटाच्या आत. घड्याळ लावून ऐकताना एकच गोष्ट सुधारली गेली. ती आकडा घाईने उरकत होती. आकड्यानंतर थांबायचं, कारण स्वैपाक करणारी बाई तिथेच प्रश्न विचारते.

बोर्डावर घराचं नाव रंगवायचं की आईचं, यावर थोडी चर्चा झाली. आईचं नाव लिहिलं. वाळवणारीचंच नाव हवं, माल तिच्या शब्दावर विकला जाणार होता. बाटलीवर परवान्याचा चौदा अंकी नंबर, बॅच, भरल्याची तारीख आणि निव्वळ वजन आधीपासून होतं. मिठाचं प्रमाण मात्र त्या दिवसापासून मोठ्या अक्षरात समोर आलं, आणि ते आजतागायत तिथेच आहे. तुम्ही आगळ करत असाल तर तुम्हीही छापा. गिऱ्हाईक चमचा मोजूनच घालणार आहे, त्याला आकडा द्या.

जाण्याच्या आदल्या रात्री आईने अवघड प्रश्नांची उत्तरं घोकली. तुमचं आमसूल त्यांच्यापेक्षा महाग का? तर, त्यांच्या किलोतलं मीठ आणि पाणी वजा करून भाव लावा, शंका असेल तर दोन्हीतली चार-चार सालं वेगवेगळ्या पाण्यात खळबळून ते पाणी चाखा. रंग इतका गडद लाल का नाही? तर, उन्हात वाळलेली साल काळपट लालच होते. पावसाळ्यात टिकेल का? तर, काचेच्या बरणीत, घट्ट झाकणाने, कोरड्या चमच्याने काढलं तर टिकेल, आणि श्रावणात एखाद्या उघडिपीच्या दिवशी ताटात पसरून ऊन दाखवा.