‘एवढं एक टाका की’

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत ईआरपी, म्हणजे सगळ्या कामकाजाचं एकच सॉफ्टवेअर, आलं तेव्हा मी डिस्पॅच बघत होतो. प्रकल्पाची जबाबदारीही माझ्याच गळ्यात पडली. गो-लाइव्ह १ एप्रिलला.

रिस्क रजिस्टर मी पहिल्याच आठवड्यात केलं. शक्यतेला १ ते ५ गुण, फटक्याला १ ते ५, मग गुणाकार. सगळ्यात वर होता जॉबवर्कचा माल : ३ गुणिले ५, म्हणजे १५. आमची कास्टिंग मशीनिंगला कोल्हापूरजवळ शिरोलीला जातात, राज्याबाहेर. त्यामुळे किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतंच. आणि वर्षात माल परत आला नाही तर पाठवल्या दिवशीच विकला असं धरून कर बसतो. तिथला शिल्लक माल जुळला नाही, तर ओपनिंग स्टॉकच चुकणार. नोंद पक्की होती. पण हे घडायला लागलंय हे कशावरून ओळखायचं, तो रकानाच मी ठेवला नव्हता. महिनाभर ती फाइल कुणी उघडली नाही, मीही नाही.

तोवर स्टोअरचे काका कन्सल्टंटला परस्पर फोन करत होते. “साहेब, चलनावर पॅटर्न नंबर तेवढा टाका की.” मग हीट नंबर. मग नगासोबत वजन. कन्सल्टंट पोरगा भला, अर्ध्या दिवसाचं काम म्हणून करून द्यायचा.

जानेवारीत लक्षात आलं की चलन जुळवणीचं काम सलग तीन आठवडे ‘९० टक्के’वरच अडकलंय. काकांची लाल वहीही पूर्वीपेक्षा नीट लिहिली जात होती. सिस्टमवर भरवसा असता तर वही सुटली असती.

एक लॉट उघडून बघितला. २०० नग, प्रत्येकी साडेबारा किलो, म्हणजे २५०० किलो गेले. परत आले २०० नगच, पण २२४० किलो. वजनाचा रकाना नुसता छापायला हवा होता, तो शिल्लकीच्या हिशेबातही घुसला होता. सिस्टम म्हणत होती, २६० किलो माल शिरोलीत पडून आहे. त्या होत्या मशीनिंगच्या चिप्स!

व्हॉट्सॲप चाळून मोजले : नऊ बदल, सतरा दिवसांचं काम. एकही कागदावर नाही.

मग रजिस्टरला ‘खूण’ हा रकाना जोडला. टक्केवारी दोन आठवडे हलली नाही, किंवा कन्सल्टंटला थेट फोन गेला, की त्याच दिवशी बैठक. आणि बदलासाठी चिठ्ठी : काय हवं, किती दिवस, त्याबदली काय मागे पडणार. दोन दिवसांपेक्षा मोठं असेल तर मालकांची सही. तिसरा प्रश्न वाचून बरेच जण चिठ्ठी न भरताच परत जायचे. पहिल्या आठवड्यात सहा चिठ्ठ्या आल्या, सही झाली दोनांवर. शिल्लक फक्त नगांत धरायची, ही त्यातली एक.

१ एप्रिलला सुरू झालो. जुनी ३१ चलनं जुळली नव्हती. ती वेगळ्या यादीत ठेवून दोन महिन्यांत हातानं मिटवली. बारकोडची मागणी दुसऱ्या टप्प्यात ढकलली आहे. काका अजून जाता-येता विचारतात, “काय झालं त्याचं?”