हॉलच्या खिडकीतून फ्रिजच्या आडोशाला: ५जी बॉक्सची जागा शोधताना केलेल्या नोंदी

आमच्या धायरीतल्या इमारतीत फायबरची केबल अजून आलेली नाही, म्हणून दिवाळीनंतर मोबाईल कंपनीचा ५जी बॉक्स घेतला. बाहेर गच्चीवर काही बसवायचं नाही, सिम बॉक्सच्या आत, भिंतीत प्लग लावला की झालं. जोडणीला आलेल्या मुलाने तो टीव्हीच्या शोकेसमध्ये ठेवला, दिवा हिरवा झाल्याचं दाखवलं आणि गेला. त्या रात्री वेग १८ एमबीपीएसच्या वर गेला नाही आणि व्हिडिओ कॉलवर आवाज तुटत राहिला. ॲपमध्ये रेंजच्या दोन काड्या दिसत होत्या. पुढचे तीन आठवडे मी जे जे करून पाहिलं, ते इथे क्रमाने लिहितो.

पहिला शनिवार

सगळ्यात आधी वायफायला संशयातून बाहेर काढलं. लॅपटॉप थेट लॅन केबलने बॉक्सला जोडला आणि वेग मोजला. आकडा तोच, १८. म्हणजे अडचण घरातल्या वायफायची नव्हती, टॉवर आणि बॉक्स यांच्यामधली होती. हे आधी तपासलं नाही तर माणूस बॉक्स हलवत बसतो आणि दोष निघतो भलतीकडेच.

मग ब्राउझरमध्ये 192.168.1.1 उघडून बॉक्सच्या पानावर गेलो. (पत्ता आणि पासवर्ड बॉक्सच्या खालच्या लेबलवर असतो.) टीव्हीजवळचं चित्र असं होतं:

```
Band: n78
PCI:  214
RSRP: -111 dBm
SINR: 1 dB
```

आपल्या कामाचे आकडे एवढेच. n78 म्हणजे साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा. PCI हा टॉवरवरच्या एका सेलचा क्रमांक, त्याच्यावरून आपण कोणाशी बोलतोय ते कळतं. RSRP म्हणजे त्या सेलचा आवाज आपल्यापर्यंत किती जोरात पोचतो. शून्याच्या जितका जवळ, तितका चांगला. आणि SINR म्हणजे तो आवाज बाकीच्या गोंगाटाच्या किती वर आहे. ॲपमधल्या काड्या बहुतेक वेळा फक्त जोर दाखवतात, गोंगाट दाखवत नाहीत. माझा पहिला आठवडा वाया गेला तो यामुळेच.

दर वेळी जागा बदलताना बॉक्स बंद-चालू करायला लागू नये म्हणून राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस वापरला. बॉक्सच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलं होतं आणि यूपीएसही १२ व्होल्टचाच होता. लेबलं जुळल्याशिवाय हा प्रयोग करू नका. यूपीएसला जोडलेला बॉक्स हातात घेऊन घरभर फिरता येतं. मात्र एका जागी ठेवला की दोन-तीन मिनिटं थांबायचं, आकडे स्थिरावल्यावरच वहीत लिहायचे.

रविवार, हॉलची खिडकी

रस्त्याच्या बाजूची खिडकी ही सगळ्यांना सुचते तीच जागा. तिथे RSRP एकदम -93 वर आला. टीव्हीजवळच्या -111 पेक्षा १८ डीबी जास्त. दर १० डीबीला शक्ती दहापट होते, त्या हिशेबाने हे साठपटीहून जास्त झालं. ॲपमध्ये पाचच्या पाच काड्या. वेग मात्र ४० च्या आसपास, आणि तोही लाटांसारखा वरखाली.

मी खूश होतो, पण माझी बायको संध्याकाळी मीटिंगमधून उठून आली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही म्हणता रेंज फुल आहे, मग माझा आवाज का अडकतोय?" तेव्हा पान पुन्हा उघडून दहा मिनिटं नुसतं बघत बसलो. PCI कधी 214, कधी 387. दोघांचा RSRP जवळपास सारखा. SINR दोन ते चारमध्ये अडकलेला.

उत्तर त्यातच होतं. त्या खिडकीतून दोन वेगवेगळ्या टॉवरचे सेल जवळजवळ सारख्याच जोरात ऐकू येतात, आणि दोन्ही एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. बॉक्स एकाशी जोडला गेला की दुसरा त्याच्यासाठी गोंगाट ठरतो. दोन माणसं एकाच वेळी कानात ओरडत असतील तर आवाज मोठा येतो, शब्द मात्र कळत नाहीत. शिवाय बॉक्स सतत इकडून तिकडे उड्या मारत होता, आणि प्रत्येक उडीला कॉल अडकत होता. हे पिंगमध्ये स्वच्छ दिसलं:

```
ping -n 100 8.8.8.8
```

शंभरातले सात पॅकेट हरवले, आणि प्रत्येक वेळी PCI बदलल्याच्या क्षणी.

मधले दिवस

आता शोध बदलला. जास्त जोराची जागा नको होती, एकच सेल ठळक ऐकू येईल अशी जागा हवी होती. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर `*#*#4636#*#*` डायल केलं की सिग्नलचे आकडे दिसतात, म्हणून त्याच कंपनीच्या सिमचा फोन घेऊन आधी खोल्या हिंडलो. त्यात एकदा फसलो. बेडरूममध्ये फोन -88 दाखवत होता, पण तो 4G वर उतरला होता. खालच्या फ्रिक्वेन्सीच्या लहरी भिंतीतून सहज येतात, त्यामुळे तो आकडा n78 वरच्या बॉक्सला लागू होत नाही. बॉक्स तिथे ठेवला तर -114. फोन ढोबळ दिशा दाखवायला ठीक आहे, निकाल बॉक्सच्याच पानावर लावायचा.

बेडरूम बाद झाली, लाकडी कपाटाला आरसे आहेत ती भिंत तर आणखी वाईट. आरशामागचा धातूचा थर लहरी परतवून लावतो.

दुसरा शनिवार, स्वयंपाकघर

स्वयंपाकघराची खिडकी मागच्या बाजूला, हॉलच्या बरोबर उलट दिशेला आहे. ओट्यावर बॉक्स ठेवला: PCI 52, हा सेल पहिल्यांदाच दिसला. RSRP -108, SINR 4. मी वहीत "विशेष नाही" असं लिहून बॉक्स उचलणारच होतो. तेवढ्यात आई कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालायला आली आणि तिने खिडकीची जाळी सरकवली. पानावरचा आकडा -99 झाला.

मी तिला म्हटलं, "आई, ती जाळी परत लाव बघू." ती म्हणाली, "डास येतील म्हणून लावतेच आहे रे." लावली, -108. काढली, -99. चार वेळा तसंच. तीन ट्रॅकच्या ॲल्युमिनियम स्लायडिंग खिडकीत एक पल्ला डासांच्या जाळीचा असतो, आणि आमची जाळी स्टीलची आहे. साडेतीन गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेआठ सेंटिमीटर असते. एक-दीड मिलिमीटरच्या भोकांची धातूची जाळी तिच्यासाठी जवळजवळ पत्र्यासारखीच. जे नऊ डीबी गेले ते तिथेच गेले. जे थोडं येत होतं ते बाजूच्या उघड्या काचेतून आणि भिंतीतून. साध्या काचेचा फरक मोजला तर जेमतेम एक-दोन डीबी निघाला. उन्हासाठी धातूचा पातळ लेप दिलेली काच असेल तर मात्र ती जाळीसारखीच आड येते. बाहेरच्या लोखंडी ग्रिलची भोकं मोठी आहेत, त्याने फारसा फरक पडला नाही.

जाळी उघडी ठेवून SINR ९ झाला. बरा, पण हॉलच्या बाजूचे ते दोन सेल भिंतींमधून अजून थोडे ऐकू येत असावेत असं वाटलं. तपासायला स्टीलची मोठी परात घेतली आणि बॉक्सच्या मागे, हॉलच्या बाजूला उभी धरली. SINR १२. परात काढली, पुन्हा ९. परात मागचा गोंगाट अडवते आणि खिडकीतून आलेल्या लहरी काही प्रमाणात परतही फिरवते, त्यामुळे या फरकातला किती वाटा कशाचा हे अशा प्रयोगातून वेगळं काढता येत नाही. पण मला हवं ते कळलं होतं: बॉक्सच्या पाठीला मोठा धातू हवा.

तो धातू स्वयंपाकघरातच उभा होता. फ्रिज खिडकीला लागून, गॅसपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात आहे. फ्रिज आणि खिडकी यांच्यामध्ये भिंतीवर लाकडी फळी ठोकली आणि बॉक्स अशा रीतीने ठेवला की हॉल आणि बॉक्स यांच्यामध्ये फ्रिज येईल. RSRP -99 च राहिला, SINR १५ वर गेला. त्याच फळीवर बॉक्स चार बोटं डावीकडे सरकवला तर १२, आणखी चार बोटं सरकवला की पुन्हा १५. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींना कुठे जोर देतात तर कुठे मारतात, आणि या दोन जागांमधलं अंतर पाव लहरीच्या आसपास म्हणजे दोन सेंटिमीटर इतकं कमीही असू शकतं. म्हणून खोली ठरल्यावर बोटाबोटाने सरकवायलाही अर्धा तास द्यावा. बॉक्स उभ्या अक्षावर फिरवूनही बघितला; आमचा बॉक्स जवळजवळ सगळीकडून सारखाच ऐकतो, पण काही बॉक्सना पुढची बाजू टॉवरकडे लागते.

लॅनवर वेग १६० एमबीपीएस. पिंगचे शंभरपैकी शंभर परत आले, PCI तासभर 52 च. हॉलच्या खिडकीपेक्षा RSRP सहा डीबीने कमी, ॲपमध्ये तीनच काड्या, आणि वेग चौपट.

तिसरा आठवडा

स्वयंपाकघरातून वायफाय हॉलपर्यंत नीट येत नाही, म्हणून पंधरा मीटर कॅट ६ केबल दरवाजाच्या चौकटीवरून हॉलमध्ये नेली आणि जुना राउटर ॲक्सेस पॉइंट करून टीव्हीजवळ ठेवला. त्यातला डीएचसीपी बंद केला, नाहीतर दोन उपकरणं एकाच वेळी पत्ते वाटायला लागतात.

फोडणीचा तेलकट धूर त्या कोपऱ्यापर्यंत पोचतो का हे बघायला फळीवर पांढरा कागद ठेवला आहे. आठवड्यानंतर तो कोरडा आणि स्वच्छ निघाला. बॉक्सच्या लेबलवर ४० अंशांपर्यंतच चालवा असं लिहिलंय, त्यामुळे एप्रिल-मेच्या दुपारी तिथे थर्मामीटर ठेवून बघणार आहे. बॉक्स बाहेर ग्रिलमध्ये ठेवायचा मोह झाला होता, पण घरातला बॉक्स ऊन-पावसासाठी बनवलेला नसतो.

रात्री नऊला वेग ६० पर्यंत खाली येतो. त्या वेळी पान उघडलं तर RSRP आणि SINR जसेच्या तसे. आकडे तेच आणि वेग कमी, म्हणजे टॉवरवर गर्दी आहे. तिथे बॉक्स कितीही हलवून उपयोग नाही. सकाळी सहाला पुन्हा १६०.

राहिली जाळी. पल्ला कायमचा उघडा ठेवायला आई तयार नव्हती, आणि धायरीतले डास पाहता तिचं बरोबर होतं. ॲल्युमिनियम खिडक्यांचं काम करणाऱ्याला बोलावून त्याच चौकटीत स्टीलऐवजी फायबरग्लासची जाळी बसवून घेतली. घेताना तुकडा हातात घेऊन चुंबक लावून पाहिला, पण ॲल्युमिनियम आणि बरंचसं स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटत नाही. म्हणून मल्टिमीटरने दोन धाग्यांमध्ये कंटिन्युइटीही तपासली; आवाज आला नाही तेव्हाच होकार दिला. रविवारी दुपारी जाळी लागली. पल्ला पूर्ण बंद, सगळे फळीपासून दूर उभे, तीन मिनिटं थांबून वाचलेला आकडा:

```
PCI:  52
RSRP: -99 dBm
SINR: 15 dB
```